निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनची रेघ

ऑफिसात त्याला सगळे ‘पट्टी’ म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे. शेअर दलालाच्या त्या कंपनीत तो लागला तेव्हा भावांचे आलेख कागदावर छापून यायचे आणि हा प्लॅस्टिकची पट्टी लावून त्यांवर रेघा मारायचा. पुढे आलेख पडद्यावर आले, रेघा माउसने मारायची सोय झाली, तरी हा गडी पट्टी काढून पडद्यालाच लावायचा. काचेवर चरे पडले म्हणून एकदा नव्या पडद्याचे पैसे त्याच्या पगारातून कापले. पट्टी घरी गेली, नाव ऑफिसात राहिलं.

माणूस सरळ होता, पण त्याच्या सरळपणाला धार होती आणि ती धार तो कुणावर चालवतोय हे बघत नसे. त्याच्या शेजारी बसणाऱ्या एका विश्लेषकाने एकदा एका कंपनीच्या सरासरी खरेदी-भावाची रेघ एक दिवस आधीपासून काढली. कंपनीचा तिमाही निकाल त्या तारखेला होता, म्हणून त्याने त्याच तारखेपासून सुरुवात धरली. पट्टी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

“निकाल किती वाजता आला?”

“संध्याकाळी.”

“आणि बाजार कधी बंद झाला?”

“दुपारी.”

“म्हणजे त्या दिवशी ज्यांनी शेअर घेतला, त्यांना निकाल ठाऊक होता?”

“नव्हता.”

“मग निकाल बघून घेणाऱ्यांची सरासरी काढताना त्यांना कशाला घुसवलंस? आंधळ्यांची गर्दी दाखवून डोळसांची मोजणी सांगतोस?”

बारा-पंधरा लोक बसलेल्या खोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तो विश्लेषक दोन मुलांचा बाप होता, त्याचे कान लाल झाले. पट्टीने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मुद्दा बरोबर होता ना, मग झालं. दुसऱ्याला लागतं ही गोष्ट त्याच्या हिशेबातच नव्हती, आणि ते त्याला पुढे महागात पडलं.

अशा या माणसाला एकच माणूस उलट बोलू शकायचं. त्याची अक्का.

अक्का त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता. बाप घरात असून नसल्यासारखा. अक्काने शिक्षण सोडलं आणि हॉस्पिटलच्या चादरी, गाऊन शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसली. त्याच पैशांवर हा शिकला. तिने लग्न केलं नाही; म्हणजे कुणी विचारलं तेव्हा भाऊ लहान होता आणि भाऊ मोठा झाला तेव्हा कुणी विचारलं नाही. मशीनवरून ती हळूहळू वर सरकत पूर्ण मजल्याची मुकादम झाली, कापडाची खरेदी बघायला लागली. जीभ अशी की चाळीस बायांचा मजला एका वाक्यात गप्प व्हायचा. भावाच्या लग्नानंतर ती आपणहून वेगळी राहायला गेली, दोन गल्ल्या पलीकडे, एका भाड्याच्या खोलीत. “तुमच्या संसारात मला कशाला, मीठ नीट पडलं नाही तर मी बोलणार,” असं वहिनीला स्पष्ट सांगून गेली. दर रविवारी मात्र सकाळी यायची आणि मिठाबद्दल बोलायचीच.

ती निवृत्त झाली त्या वर्षाची ही गोष्ट.

त्याच सुमारास पट्टीच्या नजरेत एक कंपनी आली होती. हॉस्पिटलमध्ये लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बनवणारी. ऑफिसात तिला ‘नळी’ म्हणायचे. नळीचा निकाल एका संध्याकाळी आला आणि असा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच शेअर तीनशे साठवरून थेट चारशेवर उघडला. एरवी महिन्याभरात होत नसे एवढी उलाढाल त्या एका दिवसात झाली. पट्टीने त्या दिवसावर खूण केली आणि तिथून रेघ सोडली. मग आठवड्यांमागून आठवडे तो तिच्याकडे बघत राहिला. भाव चढायचा, उतरायचा, उतरत उतरत रेघेला टेकायचा आणि तिथून उसळी घ्यायचा. एकदा झालं, दोनदा झालं. दर वेळी रेघ थोडी वरच्या पायरीवर असायची. त्याने खरेदीची शिफारस केली, ती दलाल कंपनीच्या सगळ्या ग्राहकांना गेली.

एका रविवारी अक्काने विषय काढला. “तू दिवसभर त्या पडद्यावर काय कोरतोस ते मला एकदा सांग. मजल्यावरच्या बाया विचारायच्या, भाऊ काय करतो? मी सांगायचे, रेघोट्या ओढतो.”

वहिनी हसली. पट्टी हसला नाही. त्याने खुर्ची ओढली.

“अक्का, तू दहा तागे शंभरच्या भावाने घेतलेस आणि नंतर शंभर तागे एकशे वीसने घेतलेस. सरासरी ताग्याला काय पडलं?”

“एकशे अठराच्या थोडं वर. मला शिकवतोस?”

“एकशे दहा का नाही?”

“कारण महागातले तागे जास्त आहेत. त्यांचं वजन जास्त.”

“बस, तेच. निकाल कळल्यापासून ज्यांनी ज्यांनी हा शेअर घेतला, त्या सगळ्यांना मिळून सरासरी तो काय भावाने पडला, ते मी रोज काढतो. ज्या दिवशी जास्त शेअर हातबदल झाले, त्या दिवसाच्या भावाला जास्त वजन. रोज एक ठिपका, ठिपके जोडले की रेघ. भाव रेघेच्या वर आहे तोवर निकालानंतर आत आलेला सरासरी माणूस फायद्यात आहे. भाव उतरून रेघेशी आला की तो म्हणतो, माझ्या खरेदीच्या भावाला पुन्हा मिळतोय, अजून घेऊ. म्हणून तिथे आधार मिळतो.”

“आणि रेघेच्या खाली गेला तर?”

“तर तोच माणूस तोट्यात. मग तो वाट बघतो, की एकदा माझ्या भावाला परत येऊ दे, मी सुटतो. आधार होता त्याचं छत होतं.”

अक्काने मांडीवर बोटाने एक रेघ ओढून पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे तू माणसांच्या जिवाची घालमेल मोजतोस. बरं आहे. निदान रेघोट्या नाहीत.”

तिने निवृत्तीचे पैसे दोन भागांत ठेवले होते. एक भाग बँकेत, व्याजावर. दुसरा भाग तिने त्याच्यापुढे ठेवला. त्याने आधी नाही म्हटलं. ती म्हणाली, “जगाला सांगतोस घ्या म्हणून. बहिणीला सांगायला तोंड उचलत नाही, म्हणजे खोट आहे कुठेतरी.”

हे त्याला झोंबलं. त्याने तिचं खातं आपल्याच कंपनीत उघडून दिलं. नळी तिसऱ्यांदा रेघेला टेकली तेव्हा रेघ चारशे सत्तरवर होती. अक्काने फोनवर ऑर्डरी घेणाऱ्या डीलर मुलीला स्वतः ऑर्डर दिली. चारशे चौऱ्याहत्तरने मिळाले. पुढच्या दहा-बारा दिवसांत भाव सव्वापाचशेला जाऊन आला. त्या रविवारी अक्काने मिठाबद्दल काही म्हटलं नाही.

मग एक मंगळवार आला. दुपारपर्यंत नळी रेघेशीच घुटमळत होती. शेवटच्या तासात मोठमोठ्या विक्रीच्या ऑर्डरी आल्या आणि भाव रेघ तोडून चारशे पंचावन्नवर बंद झाला. उलाढाल नेहमीच्या चौपट. रेघ चारशे बहात्तरवर तशीच. आता ती वर होती आणि भाव खाली.

पट्टीने चहा मागवला आणि प्यायला नाही. आधी भाव रेघेला टेकला होता तो कमी उलाढालीत, हळू उतरत, आणि बंद होताना वर. हे तसं नव्हतं. त्याने पुन्हा सुरुवातीचा दिवस तपासला. शेजारचा विश्लेषक, तोच कान लाल झालेला, खुर्ची वळवून म्हणाला, “एक दिवस आधीपासून काढ ना. निकालाच्या आधीची बरीच उलाढाल तीनशे साठची आहे. रेघ आपोआप खाली येते. बघ.”

त्याने आपल्या पडद्यावर काढून दाखवलीसुद्धा. आदल्या दिवशी निकालाच्या आशेने बरीच उलाढाल झाली होती, सगळी स्वस्तातली. ती धरली की रेघ चारशे एक्कावन्नवर येत होती. म्हणजे भाव अजून रेघेच्या वर. म्हणजे काही मोडलंच नाही.

“त्यात आंधळे आहेत,” पट्टी म्हणाला.

“बहीण आहे ना तुझी यात?” विश्लेषकाने अगदी गोड आवाजात विचारलं. “मी आपलं सोय म्हणून सांगितलं.”

संध्याकाळी पट्टीने टिपण लिहिलं : निकालानंतरच्या खरेदीदारांची सरासरी मोठ्या उलाढालीने तुटली, बाहेर पडा. टिपण सगळ्या ग्राहकांना गेलं. अक्कालाही गेलं. पण टिपण निघालं की दलाल कंपनीचा नियम लागू व्हायचा : ज्याने ते लिहिलं त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या खात्यात त्या शेअरची खरेदी-विक्री बाजाराचे पाच दिवस बंद. आधी ग्राहक बाहेर पडणार, मग घरचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने डीलर मुलीला फोन केला. मग भावाला.

“अरे, ती म्हणते माझं खातं बंद ठेवलंय.”

“हो, अक्का. नियम आहे. पाच दिवस.”

“तूच लिहिलंस विका, आणि मलाच विकता येत नाही?”

“मी लिहिलं म्हणूनच येत नाही.”

फोनवर मागे शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. ती शेजारणीच्या मुलीला शिवायला शिकवत होती. तो आवाज थांबला. “बरं,” अक्का म्हणाली. “नियम म्हणजे नियम. मीही मजल्यावर कधी कुणासाठी मोडला नाही.”

तिने ते गिळलं. मनापासून गिळलं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते पैशासाठी झालं नाही.

नळी त्या सकाळी चारशे तीसवर उघडली. पाच दिवसांत तीनशे ऐंशी. सहाव्या दिवशी खातं खुलं झालं तेव्हा तीनशे एक्काहत्तर. अक्काने विचारलं, “आता काढू?”

इतकी वर्षं लोकांना तत्काळ उत्तर देणारा पट्टी त्या दिवशी थांबला. मग म्हणाला, “थांब थोडं. एकदम इतकं पडलं की एकदा उलटून रेघेपर्यंत येतं. अडकलेले तिथे सुटतात. आपणही तिथेच सुटू.”

“येईल?”

“बहुतेक येतं. नाही आलं तर तोटा माझा, मी भरून देईन.”

“तुझं काय आहे भरून द्यायला? पगार तर पडदे फोडण्यात जातो,” अक्का म्हणाली, आणि दोघंही हसले. भाऊ-बहिणीचं एकत्र हसणं ते शेवटचंच.

आणि नळी खरंच उलटली. हळूहळू, कमी उलाढालीत, रोज थोडी थोडी. तिकडे रेघही खाली आली होती, कारण पडझडीच्या दिवसांत स्वस्तात बरेच शेअर हातबदल झाले होते आणि त्यांनी सरासरी ओढून आणली होती. महिना-सव्वा महिन्याने भाव चारशे एकोणपन्नासवर पोचला, रेघ चारशे त्रेपन्नवर होती. त्याच आठवड्यात दलाल कंपनीने ग्राहकांचा मेळावा ठेवला. मोठा हॉल, लाल खुर्च्या, स्टेजवर पडदा. अक्कालाही निमंत्रण गेलं, ग्राहक म्हणून. ती धुतलेली साडी नेसून, वहिनीला बरोबर घेऊन आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. भाऊ स्टेजवर बोलणार म्हणून शेजारच्या अनोळखी बाईला तिने सांगूनही टाकलं, “तो आमचा.”

पट्टीने नळीचाच आलेख दाखवला. रेघ कशी निघाली, भाव तिला तीनदा कसा टेकला, ती कशी तुटली. “आज भाव पुन्हा रेघेशी आला आहे, पण खालून. वर जाताना उलाढाल वाढत नाहीये. इथे सुटण्याची वाट बघणारे बसले आहेत. ज्यांच्याकडे उरले असतील त्यांनी इथे बाहेर पडावं.” बोलताना तो तिसऱ्या रांगेकडे बघत होता. अक्काने मान हलवली. समजलं, असं.

तो बसला आणि साहेब उठले. साहेब म्हणजे त्या शाखेचे प्रमुख. गोरेगोमटे, हसरे, माइक हातात आला की सोडवत नाही असे.

“आता तुम्हाला एक गंमत सांगतो,” साहेब म्हणाले. “आमचे हे पट्टी. हे ज्या दिवशी विका म्हणाले ना, त्या दिवशी यांच्या सख्ख्या बहिणीचे पैसे या शेअरमध्ये अडकलेले होते. निवृत्तीचे पैसे हो, शिवणकाम करून जमवलेले!”

हॉलमध्ये “अरेरे” झालं.

“आमचा नियम घरच्यांसाठी आहे. घरचे म्हणजे कोण? बायको, मुलं, जे यांच्या पगारावर जगतात ते. बहीण वेगळी राहते, स्वतःचं कमावते. ती नियमात बसतच नव्हती! ती पहिल्या दिवशी विकू शकली असती. पण या माणसाने खातं उघडतानाच स्वतःहून येऊन सांगितलं, साहेब, तिचंही नाव घाला. मी म्हटलं, अहो, गरज नाही. नाही म्हणजे नाही, घालाच! बाई बिचारी पाच दिवस बघत बसली. आता मला सांगा, जो माणूस सख्ख्या बहिणीला बुडवतो पण तुम्हाला बुडू देत नाही, असा माणूस कुठे मिळेल?”

आधी हशा आला, मग टाळ्या. टाळ्या बराच वेळ चालल्या. अक्काच्या शेजारची अनोळखी बाई टाळ्या वाजवत तिच्याकडे वळली आणि मध्येच तिचे हात थांबले. “म्हणजे… तुम्हीच का त्या?”

अक्का टाळ्या वाजवत होती. संथपणे, सगळ्यांबरोबर. सगळ्यांच्या थांबल्या तरी ती आणखी दोन-तीनदा वाजवून मग थांबली.

बाहेर व्हरांड्यात चहाची टेबलं मांडली होती. पट्टी गर्दीतून वाट काढत आला. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी हात मिळवत होतं.

“अक्का, साहेबांना मी सांगितलं नव्हतं हे बोला म्हणून…”

“खरं आहे का?”

“काय?”

“माझं नाव घालायची गरज नव्हती?”

खोटं बोलता येत असतं तर त्या क्षणी कामाला आलं असतं. “नव्हती,” तो म्हणाला. “पण उद्या कुणी बोट दाखवलं असतं…”

“कुणाकडे? तुझ्याकडे.”

“अक्का, नियम—”

“नियम नव्हता. आत्ताच शंभर लोकांसमोर कळलं, नव्हता. तुझा शर्ट पांढरा राहावा म्हणून तू मला साबण केलंस.” ती ओरडली नाही. मजल्यावर बोलायची त्या आवाजात बोलली आणि आजूबाजूचे चारजण कप हातात धरून गप्प झाले. “आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, गाढवा. तेच तर आहे.”

“चुकलं,” तो म्हणाला. “अक्का, माझ्याशी भांड, महिनाभर बोलू नको, पण सोमवारी सकाळी शेअर काढ. नवं टिपण नाही, खातं खुलं आहे. भाव रेघेशी आहे. ही वेळ पुन्हा येणार नाही.”

वहिनीने अक्काचा हात धरला. “वन्सं, ते म्हणतात तसं करा ना. राग वेगळा, पैसे वेगळे.”

“तुझा नवरा तेच म्हणतो नेहमी,” अक्का म्हणाली. “सगळं वेगळं वेगळं. बघते मी.”

सोमवारी तिने डीलर मुलीला फोन केला. ऑफिसात डीलरांच्या टेबलावरची बोलणी स्पीकरवर चालायची, पट्टी दहा फुटांवर बसला होता. त्याला अक्काचा आवाज आला आणि त्याने पेन खाली ठेवलं. सुटली, असं त्याला वाटलं.

“माझ्या खात्यात नळीवाली आहे ना ती?”

“हो मॅडम, विकायचे ना? आमची शिफारस विक्रीचीच आहे. चारशे एक्कावन्न चाललाय.”

“घ्यायचे आहेत. आधी आहेत तितकेच अजून. बँकेतून पैसे पाठवलेत बघ.”

मुलगी गडबडली. “मॅडम, तुमचे भाऊ इथेच आहेत, त्यांना देऊ का फोन?”

“खातं कुणाच्या नावावर आहे?”

“तुमच्या.”

“मग माझं ऐक.”

पट्टी उठून टेबलापाशी आला होता. “अक्का, ऐक माझं! छत आहे ते, आधार नाही! माझ्यावरचा राग—”

“कोण बोलतंय?” स्पीकरमधून अक्का म्हणाली. “माझ्या खात्यात घरच्यांना बोलायला परवानगी आहे का तुमच्या नियमात?”

सगळी खोली ऐकत होती. शेजारच्या विश्लेषकाने आपल्या पडद्याकडे बघत असल्याचं ढोंगही केलं नाही. साहेब दारात उभे राहून मजा बघत होते. त्यांनी डीलर मुलीला बोटाने खूण केली, टाक ऑर्डर. ग्राहक म्हणतो ते करायचं, आणि दलाली तर विकतानाही मिळते, घेतानाही मिळते.

ऑर्डर गेली.

तीन दिवस नळी रेघेखाली घोटाळली. एकदा दुपारी चारशे छप्पनला जाऊन आली, बंद होताना पुन्हा खाली. मग उतरली. पुढच्या तिमाहीचा निकाल यायचा होता, पण त्याआधी लेखापरीक्षक राजीनामा देऊन बाजूला झाल्याची बातमी आली, आणि निकाल आला तेव्हा त्यात नफा नव्हताच. शेअर एका सकाळी दोनशे नव्वदला उघडला. विकायला रांग, घ्यायला कुणी नाही. पट्टीने नव्या निकालाच्या दुसऱ्या दिवसावर खूण केली आणि नवी रेघ सोडली, कारण ते त्याचं काम होतं. ती रेघ पहिल्या दिवसापासून उतरतच राहिली आणि भाव तिच्याही खाली. वर्षभराने नळी साठच्या आसपास होती. पट्टीची दोन्ही सांगणी जशीच्या तशी खरी ठरली होती. साहेबांनी त्याला पगारवाढ दिली आणि पुढच्या मेळाव्यात पुन्हा तीच गंमत सांगायचं ठरवलं. आता तर तिचा शेवटही चांगला झाला होता. पट्टीने हात जोडले. साहेब म्हणाले, “अहो, नाव कुठे घेतो मी?” आणि सांगितली.

तो अक्काकडे पैसे घेऊन गेला होता, दोनदा. पहिल्यांदा तिने दार उघडलं आणि पाकीट बघून लावून घेतलं. दुसऱ्यांदा उघडलंच नाही. आतून मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. एकसष्टाव्या वर्षी ती पुन्हा शिवायला बसली होती, त्याच कारखान्याचं काम घरी आणून, पगारावर नव्हे तर नगावर. जिच्या एका वाक्याने मजला गप्प व्हायचा, तिला आता काल लागलेली पोरगी फोन करून विचारायची, “आजी, चादरी कधी देताय?”

डोळ्यांनी दगा दिला तेव्हा तेही थांबलं. खोलीचं भाडं थकलं. वहिनी जाऊन तिला घेऊन आली. भाऊ दारात उभा होता, त्याच्याकडे न बघता अक्का आत गेली आणि आतल्या खोलीतल्या पलंगावर बसली. म्हणाली, “वहिनी, मी मिठाबद्दल काही बोलणार नाही.” आणि नाही बोलली. जेवण कसंही असलं तरी संपवायची. वहिनीला वाटायचं, त्यापेक्षा ताट फेकून मारलं असतं तर बरं.

भावाशी मात्र ती बोलते. फक्त एकाच गोष्टीबद्दल, आणि फक्त कुणी आलं असेल तेव्हा. कालचंच. वहिनीच्या माहेरचे दोघं आले होते, नव्यानेच शेअरमध्ये पडलेले. चहा झाला, आणि अक्काने आतून काठी टेकत येऊन खुर्ची घेतली.

“सांग रे यांना त्या रेघेचं.”

पट्टीने कप खाली ठेवला. “अक्का, नको आज.”

“का? त्यांना उपयोग होईल. सांग.”

“वन्सं, जाऊ दे ना,” वहिनी म्हणाली. “किती वेळा तेच?”

“का? चुकीचं सांगतो का तो?”

“तसं नाही…”

“मग सांगू दे. आमच्या घरात एक तरी माणूस कधी चुकत नाही, कळू दे लोकांना.”

पाहुणे उत्सुकतेने पुढे सरकले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि पट्टी सांगायला लागला. निकाल संध्याकाळी आला असेल तर दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. ज्या दिवशी उलाढाल जास्त, त्याचं वजन जास्त. वर असेल तोवर आधार. तुटली की निघायचं. आणि निघता आलं नाही तर एकदा बहुतेक परत येते, तेव्हा तरी निघायचं.

“आणि नाही निघालं तर?” पाहुण्यांतल्या धाकट्याने विचारलं.

“आम्ही ज्या शेअरमध्ये होतो,” पट्टी म्हणाला, “त्यात रेघ चारशे पंचावन्नला होती, आणि भाव—”

“त्रेपन्न,” अक्का म्हणाली. “चारशे त्रेपन्न. नीट सांग. लोक ऐकतायत.”

“चारशे त्रेपन्न,” तो म्हणाला, आणि पुढे सांगू लागला.